घरच्या संकटामुळे कामगिरी घसरलेल्या चांगल्या कर्मचाऱ्याचे वार्षिक मूल्यमापन : टप्प्याटप्प्याने

मार्चअखेर आली की दरवर्षी कुणी ना कुणी विभागप्रमुख हाच प्रश्न घेऊन येतो. तीन-चार वर्षे उत्तम काम करणाऱ्या माणसाच्या घरी मोठे आजारपण आले, दुसऱ्या सहामाहीत आकडे कोसळले, आता श्रेणी काय द्यायची? बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण ‘यंदा सांभाळून घेऊ’ म्हणत मागच्या वर्षीचीच श्रेणी पुन्हा देतात, तर काही जण ‘आकडे म्हणजे आकडे’ म्हणून वर्षअखेरचा उतारा जसाच्या तसा फॉर्मवर उतरवतात. दोन्ही ठिकाणी मूळ घोळ एकच असतो. काय घडले, ते किती त्या व्यक्तीच्या हातात होते आणि त्यापुढे आपण काय करणार, हे तीन वेगळे प्रश्न एकाच श्रेणीत कोंबले जातात. पुढील टप्पे त्यांना एकमेकांपासून सोडवण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण पगारवाढीचा विचार आधी डोक्यात आला की आकड्यांकडे पाहण्याची दृष्टी तिकडेच झुकते.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, शेतीपंप बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत नाशिक आणि अहिल्यानगर भाग सांभाळणाऱ्या एक विक्री अधिकारी आहेत. गेली तीन वर्षे त्यांची श्रेणी पाचपैकी चार आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तासांचे डायलिसिस सुरू झाले. वर्षाचे विक्रीचे उद्दिष्ट ४ कोटी ८० लाखांचे होते आणि प्रत्यक्षात त्यांच्या भागात ४ कोटी ८ लाखांची विक्री झाली, म्हणजे ८५ टक्के. वितरकांकडची ९० दिवसांवरची थकबाकी २० लाखांच्या आत ठेवायची होती, ती ४१ लाखांवर गेली. मूल्यमापनात विक्रीला ६० आणि वसुलीला ४० टक्के भार आहे.

## टप्पा १ : मत बनवण्याआधी कागद जमवा

मूल्यमापनाच्या बैठकीच्या किमान दोन आठवडे आधी पुढील गोष्टी एका ठिकाणी आणाव्यात: महिन्यावारी विक्री आणि वसुली, मंजूर रजेचा तक्ता, कामाच्या वेळेत दिलेल्या सवलतीचे ई-मेल, त्यांच्या अनुपस्थितीत कोणते काम कोणाकडे गेले त्याची नोंद, आणि वर्षभरात तुम्ही स्वतः त्यांना कामाबद्दल जे लेखी कळवले ते सर्व. यातला शेवटचा कागद सर्वांत महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच नसतो. माणूस संकटात आहे म्हणून वरिष्ठ बोलायचे टाळतात, महिने जातात आणि मार्चमध्ये थेट श्रेणी समोर येते. तुमच्याकडूनही तसे झाले असेल तर ते आताच कागदावर लिहून ठेवा. चौथ्या टप्प्यात त्याची गरज पडेल.

रजेच्या तक्त्यात फक्त मंजूर रजा धरावी. कुटुंबीयाच्या आजारपणासाठी वेगळी रजा देणारी सर्वसाधारण तरतूद खासगी नोकरीसाठी कायद्यात नाही. ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७’ वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी अर्जित रजा देतो. कारखान्याच्या आस्थापनेवरील कर्मचाऱ्यांना त्यांचे वेगळे नियम लागू होतात. त्यामुळे अशा प्रसंगी कर्मचारी आपली कमावलेली रजाच खर्च करत असतो. ही रजा त्याच्या हक्काची आहे, मेहरबानी नव्हे, आणि ती वापरल्याबद्दल श्रेणीत एक दशांशही कमी होता कामा नये.

तपासणी: आजाराचे कागद, रुग्णालयाची बिले किंवा निदान यांपैकी काहीही या फाइलमध्ये नसावे. रजा मंजूर झाली तेव्हाच कारणाचा विषय संपला.

## टप्पा २ : वर्ष संकटाच्या तारखेला कापा

मार्चमध्ये बसून पाहताना शेवटचे चार महिनेच डोळ्यांपुढे येतात आणि एप्रिल ते सप्टेंबर जणू दुसऱ्याच कुणाचे वर्ष होते असे वाटू लागते. म्हणून वर्षाचे दोन भाग करून आधी पहिला भाग पूर्णपणे, लेखी, संपवावा.

आपल्या उदाहरणात निदान ऑक्टोबरमध्ये झाले, म्हणून सहामाहीची सीमा सोयीची आहे. पंपांची विक्री वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यात ती मंदावते आणि रब्बीपासून उन्हाळ्यापर्यंत चढते. त्यामुळे वार्षिक उद्दिष्टाला सरळ दोनने भागून चालणार नाही. समजा, कंपनीने वर्षाच्या सुरुवातीलाच पहिल्या सहामाहीला २ कोटी आणि दुसरीला २ कोटी ८० लाख अशी विभागणी केली होती. पहिल्या सहामाहीत विक्री २ कोटी १२ लाख, म्हणजे १०६ टक्के झाली आणि थकबाकीही मर्यादेत होती. दुसऱ्या सहामाहीत विक्री १ कोटी ९६ लाख, म्हणजे ७० टक्के झाली. हंगामाचा कस लागणारा काळ आणि घरचे संकट एकाच वेळी आले, ही गोष्ट ८५ टक्क्यांच्या एका आकड्यात दिसतच नव्हती.

सावधान: संकटाआधीच घसरण सुरू झाली होती का, हे याच टप्प्यावर प्रामाणिकपणे पाहावे. जुलैपासून आकडे उतरत असतील तर ऑक्टोबरच्या आजारपणावर सगळा भार टाकता येत नाही, आणि तसे केल्यास खरे कारण पुढच्या वर्षीही तसेच राहते.

## टप्पा ३ : गुण वाढवू नका, उद्दिष्ट दुरुस्त करा

दयाबुद्धी आणि निकष यांचा मेळ घालायचा तो इथे. एखादी व्यक्ती कंपनीच्या संमतीने कमी दिवस कामावर होती, तर तिच्याकडून पूर्ण दिवसांच्या कामाची अपेक्षा ठेवणे गैर आहे. मात्र जितके दिवस ती कामावर होती, तितक्या दिवसांच्या कामाचा दर्जा नेहमीच्याच मापाने मोजला पाहिजे. सवलत उद्दिष्टात द्यायची असते, माप जसेच्या तसे ठेवायचे असते.

दुसऱ्या सहामाहीत कामाचे १५० दिवस होते असे धरू. त्यांपैकी २४ दिवस पूर्ण रजा मंजूर झाली. डिसेंबरपासून १६ आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, त्यांना दुपारी दोन वाजता निघण्याची परवानगी होती. तिसऱ्या दिवशी दीर रुग्णालयात जात असत. हे ३२ अर्धे दिवस, म्हणजे १६ पूर्ण दिवस. एकूण ४० दिवस वजा केले की ११० उरतात. २ कोटी ८० लाखांना १५० ने भागून ११० ने गुणले की दुरुस्त उद्दिष्ट सुमारे २ कोटी ५ लाख येते.

आता थांबा, कारण बहुतेक जण इथे १ कोटी ९६ लाखांना २ कोटी ५ लाखांनी भागतात, ९६ टक्के आले म्हणून सुस्कारा सोडतात आणि फाइल मिटतात. त्या ४० दिवसांत त्यांच्या वितरकांकडे कोण जात होते? शेजारच्या भागातल्या सहकाऱ्याने सिन्नर आणि संगमनेरच्या फेऱ्या केल्या आणि त्यातून १६ लाखांची विक्री झाली, असे नोंदीवरून दिसते. अनुपस्थितीचे दिवस उद्दिष्टातून वजा करायचे आणि त्याच दिवसांत दुसऱ्याने केलेली विक्री मात्र खात्यात ठेवायची, असे दोन्हीकडून घेता येत नाही. ती विक्री सहकाऱ्याच्या मूल्यमापनात जायला हवी. ती वजा केली की अधिकाऱ्यांची स्वतःची विक्री १ कोटी ८० लाख राहते, म्हणजे दुरुस्त उद्दिष्टाच्या ८८ टक्के. दोन्ही सहामाह्या मिळून ४ कोटी ५ लाखांच्या उद्दिष्टापुढे ३ कोटी ९२ लाख, म्हणजे सुमारे ९७ टक्के होतात. कंपनीच्या मापात ९५ ते १०५ टक्क्यांना तीन, म्हणजे ‘अपेक्षेप्रमाणे’ ही श्रेणी असेल, तर विक्रीसाठी तीन हीच श्रेणी योग्य ठरते.

दिवसांच्या प्रमाणात उद्दिष्ट कमी करणे ही पद्धत ढोबळ आहे, हे मान्य करायला हवे. जुन्या वितरकाची नेहमीची ऑर्डर फोनवरही येते, तर नवा वितरक नेमायला चार फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून जे काम प्रत्यक्ष फिरण्यावर अवलंबून आहे तिथे ही दुरुस्ती पूर्ण लावावी आणि जे काम टेबलावर बसून होते तिथे ती जपून लावावी. वसुलीचे काम या दुसऱ्या प्रकारात मोडते.

तपासणी: हीच दुरुस्ती तुम्ही अपघातात पाय मोडून दोन महिने घरी राहिलेल्या कर्मचाऱ्याला, किंवा ज्याच्याशी तुमचे फारसे जमत नाही अशा कर्मचाऱ्यालाही लावली असती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही उद्दिष्ट दुरुस्त करत नसून आवडीचा हिशेब मांडत आहात.

## टप्पा ४ : उरलेल्या घसरणीची कारणे वेगळी करा

दुरुस्तीनंतरही जी तूट उरते तिची तीन प्रकारची कारणे असू शकतात: वेळ किंवा ताकद कमी पडली, वरिष्ठांनी किंवा कंपनीने करायचे ते केले नाही, आणि कर्मचाऱ्याला शक्य असूनही त्याने केले नाही. तिसऱ्या प्रकाराकडे पाहायला आपल्याला जड जाते आणि दुसऱ्याकडे पाहायला आवडत नाही, म्हणून सगळे पहिल्यातच ढकलले जाते.

४१ लाखांच्या थकबाकीची फोड करून पाहू. मर्यादेवरची रक्कम २१ लाखांची. त्यातले ९ लाख सात-आठ छोट्या वितरकांकडचे आहेत. लेखा विभाग दर सोमवारी थकबाकीची यादी पाठवत होता, पण पाठपुराव्याचे फोन डिसेंबरपासून अनियमित झाले. पती आजारी, दर दिवसाआड रुग्णालय, रात्रीची झोप नाही, अशा काळात कामावर असलेला माणूसही पूर्ण ताकदीने कामावर नसतो. रजेच्या तक्त्यात हे उमटत नाही. ही रक्कम पहिल्या प्रकारात धरणे न्यायाचे आहे. शिवाय थकबाकी वाढतेय हे फेब्रुवारीच्या विवरणपत्रात तुम्हालाही दिसले होते आणि तुम्ही ते काम तात्पुरते कार्यालयातल्या कोणाकडे दिले नाही. हा भाग दुसऱ्या प्रकारातला आहे आणि तो त्यांच्या नव्हे, तुमच्या नावावर लिहायचा आहे.

उरलेले १२ लाख मात्र वेगळे आहेत. जानेवारीत दोन वितरकांना उधारीची ठरलेली मर्यादा ओलांडून माल सोडला गेला. त्यासाठी वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते, ती मागितली गेली नाही. मंजुरीचा ई-मेल पाठवायला पाच मिनिटे लागतात आणि त्या दिवशी त्या कामावर होत्या. महिनाअखेरचा आकडा भरून काढण्याच्या धडपडीत हे झाले असावे. तो ताण समजण्यासारखा आहे, पण विचारण्याचा मार्ग उघडा असताना नियम बाजूला ठेवला गेला, हे नोंदले गेलेच पाहिजे. म्हणून वसुलीसाठी श्रेणी दोन. ६० आणि ४० टक्क्यांच्या भाराने एकूण २.६ येते, आणि अडीचच्या वर तीन धरण्याची कंपनीची पद्धत असेल तर अंतिम श्रेणी तीन.

उतारा जसाच्या तसा घेतला असता तर दोन आले असते आणि ‘सांभाळून घेतले’ असते तर चार. तीन हे त्या दोहोंच्या मधले म्हणून निवडलेले नाही. ते हिशेबातून आले आहे. हिशेबातून दोन किंवा चार आले असते, तर तेच द्यावे लागले असते.

सावधान: मनाजोगी श्रेणी आली नाही म्हणून तिसऱ्या टप्प्यावर परत जाऊन दिवस वाढवणे किंवा टक्के फिरवणे, ही या प्रक्रियेतली सर्वांत सामान्य लबाडी आहे. ज्या सहकाऱ्याने स्वतःचा भाग सांभाळून दुसऱ्याच्या फेऱ्या केल्या, त्याला ती बरोबर दिसते.

## टप्पा ५ : शेरा लिहा

फॉर्मवरचा शेरा पाच वर्षांनी एखादा अनोळखी वरिष्ठ वाचणार आहे, असे समजून लिहावा. त्यात आजार, नाते, रुग्णालय यांचा उल्लेख नको आणि ‘घरगुती अडचणींमुळे कामाकडे दुर्लक्ष’ असा ठपका तर मुळीच नको. ‘अडचणींचा काळ असूनही हिमतीने काम केले’ हे कौतुकही टाळावे, कारण त्यातून आकडा कळत नाही आणि खासगी गोष्ट मात्र कळते.

असे लिहिता येईल: ‘दुसऱ्या सहामाहीत २४ दिवस मंजूर रजा आणि डिसेंबरपासून मंजूर सुधारित वेळ होती, त्यानुसार विक्रीचे उद्दिष्ट ४ कोटी ५ लाख धरले असून त्याच्या ९७ टक्के पूर्तता झाली आहे. पहिल्या सहामाहीची कामगिरी उद्दिष्टापेक्षा जास्त होती. थकबाकी मर्यादेपेक्षा २१ लाखांनी वाढली. त्यांपैकी १२ लाखांचा माल उधारीच्या मर्यादेबाहेर, मंजुरीविना दिला गेला. पाठपुराव्याच्या कामासाठी पर्यायी व्यवस्था विभागाकडून वेळेवर केली गेली नाही.’ शेवटचे वाक्य लिहायला हात अडखळतो. ते गाळले तर वरचे सगळे एकतर्फी होते.

## टप्पा ६ : बैठक

बैठक डायलिसिसच्या दिवशी ठेवू नये आणि दिवसाच्या शेवटीही नको. दिवस त्यांनाच विचारावा. फॉर्म आदल्या दिवशी वाचायला द्यावा, म्हणजे श्रेणीचा धक्का तुमच्यासमोर पचवावा लागत नाही.

सुरुवात चौकशीने करावी, पण ती दोन वाक्यांत संपवावी; त्यांना बोलायचे असेल तर ऐकावे, उकरून काढू नये. मग थेट विषयावर यावे: ‘मॅडम, यंदाची श्रेणी तीन आहे. ती कशी आली ते मी आकड्यांनिशी सांगतो, आणि माझ्याकडून काय राहिले तेही सांगतो.’ श्रेणी आधी सांगितली की पुढचे ऐकू येते. वीस मिनिटे प्रस्तावना करत राहिलात, तर आदल्या दिवशी फॉर्म वाचून आलेली व्यक्ती फक्त त्या आकड्याच्या कारणाची वाट पाहत राहते.

जानेवारीतल्या उधारीचा विषय काढताना कारण तुम्ही पुरवू नये. ‘तुम्ही टेन्शनमध्ये होता, समजू शकतो’ असे म्हटले की त्या मान डोलावतात आणि खरे काय झाले ते कधीच कळत नाही. ‘जानेवारीत या दोन ऑर्डरी मंजुरीविना गेल्या, त्या वेळी काय झाले होते?’ एवढे विचारून गप्प राहावे. कदाचित त्या म्हणतील, ‘सर, मी आधीच इतक्या सवलती घेतल्या होत्या, आणखी काही मागायची लाज वाटली.’ हे उत्तर आले तर श्रेणी बदलत नाही, पण पुढच्या वर्षाची व्यवस्था बदलते. नवी वस्तुस्थिती पुढे आली, म्हणजे समजा मंजुरीचा ई-मेल खरोखर पाठवला होता आणि तुमच्याच नजरेतून सुटला, तर मात्र श्रेणी तिथल्या तिथे पुन्हा तपासायला घ्यावी.

सावधान: ‘हे अजून किती दिवस चालेल?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नाही. त्याऐवजी ‘पुढचे तीन महिने आठवड्याचे कोणते दिवस नक्की मोकळे आहेत?’ असे विचारावे. ठरलेल्या दिवशी होणाऱ्या उपचारांत याचे उत्तर बहुधा देता येते.

## टप्पा ७ : पैसा, बढती आणि पुढची सहामाही

करुणेला खरी जागा इथे आहे, आणि इथे हात आखडता घेऊ नये. विक्रीवरचा इन्सेंटिव्ह ठरलेल्या सूत्रानेच द्यावा. दुरुस्त उद्दिष्ट तिथे लागू होते की नाही हे एचआरकडून आधीच लेखी घ्यावे आणि सहकाऱ्याच्या १६ लाखांचा इन्सेंटिव्ह सहकाऱ्यालाच द्यावा. पगारवाढ श्रेणी तीनप्रमाणे. बढतीच्या यादीत नाव असेल तर ते काढू नये. बढतीचा निर्णय अनेक वर्षांच्या कामावर होतो आणि त्यांची तीन वर्षे चारची आहेत. एका सहामाहीने ती पुसली जात नाहीत.

विभागप्रमुखांच्या एकत्रित बैठकीत श्रेण्यांची तुलना होते, तेव्हा ‘त्यांच्या घरी असे असे आहे’ ही कहाणी सांगू नये. दुरुस्तीचा हिशेब पुढे ठेवावा. कहाणीने मिळवलेली श्रेणी दुसऱ्याची अधिक करुण कहाणी आली की जाते, आणि त्यांचे खासगी आयुष्य मात्र दहा जणांना कळून बसते.

पुढच्या सहामाहीची आखणी त्यांच्याशी बोलून करावी. चांगल्या हेतूने होणारी मोठी चूक म्हणजे न विचारता भाग काढून घेणे: ‘तुम्हाला फिरायला नको म्हणून कार्यालयातले काम देतो.’ विशेषतः स्त्री कर्मचाऱ्यांबाबत हे सर्रास होते आणि त्यात त्यांचा इन्सेंटिव्ह, वितरकांशी जोडलेली नाती आणि बढतीचा मार्ग हे सगळेच जाते. विचारले तर त्या कदाचित संगमनेरचा पट्टा सहा महिन्यांसाठी सोडतील आणि नाशिक ठेवतील. निर्णय त्यांचा असू द्यावा.

ठरले ते एका पानावर लिहावे: एप्रिल ते सप्टेंबरचे उद्दिष्ट, वेळेची सवलत आणि तिची मुदत, सोमवारच्या यादीचा पाठपुरावा कार्यालयातून कोण करणार, उधारीच्या मर्यादेबाहेरच्या ऑर्डरीसाठी फोनवर तोंडी आणि त्याच दिवशी लेखी मंजुरी. पतीला अचानक दाखल करावे लागले तर त्या दिवशीच्या भेटी कोणाकडे जातील, त्याचे नावही लिहावे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास फक्त या पानावर बोलावे आणि बोलणे झाले की दोन ओळींचा ई-मेल पाठवावा.

तपासणी: जूनअखेर हे पान पुन्हा उघडावे. ठरलेली सवलत मिळूनही दुरुस्त उद्दिष्ट गाठले जात नसेल, तर ते तेव्हाच सांगावे आणि भाग कमी करणे, बिनपगारी रजा किंवा काही काळ वेगळी भूमिका हे पर्याय त्यांच्यासमोर ठेवावेत. सवलत तुमच्याकडूनच पाळली गेली नसेल, दोन वाजता निघायच्या दिवशी चारला बैठका लागल्या असतील, तर पान दुरुस्त करून तारीख नव्याने घालावी आणि त्या तीन महिन्यांचा हिशेब पुढच्या मूल्यमापनात त्याप्रमाणे धरावा.